सोलर आर्कने विवाहाचं वर्ष काढताना: सप्तमेश आधी, डिसेंडंट नंतर

प्रश्न: पाश्चात्य पद्धतीत विवाहाचं वर्ष सोलर आर्कने काढताना डिसेंडंट धरायचा की सप्तमेश? दोन्हींची वर्षं वेगळी येतात. शिवाय कागदावर ‘एक अंश म्हणजे एक वर्ष’ असं मोजलं तर वेगळं वय येतं आणि सॉफ्टवेअर वेगळं दाखवतं. नक्की कुठे चुकतंय?

उत्तर:

वर्ष सप्तमेशावरून ठरवा आणि डिसेंडंटवरून ते तपासा. डिसेंडंट जन्मवेळेच्या मिनिटांवर हलतो, सप्तमेशाचे अंश जवळपास हलत नाहीत, म्हणून हा क्रम. कागद आणि सॉफ्टवेअरमधली तफावत मात्र वेगळ्या कारणाने येते. ती आधी मिटवू, कारण ती मिटल्याशिवाय पुढचं काहीच जुळणार नाही.

एक खुलासा सुरुवातीलाच. मराठीत ‘लग्न’ म्हणजे विवाहही आणि उदित बिंदूही. या विषयात तो घोळ फार होतो, म्हणून उदित बिंदूला मी असेंडंट म्हणेन, त्याच्या समोरच्याला डिसेंडंट, आणि विवाहाला विवाह. सप्तमेश म्हणजे डिसेंडंट ज्या राशीत आहे तिचा स्वामी ग्रह.

सोलर आर्क म्हणजे जन्मानंतर रवी जितका पुढे सरकला तितकं अंतर. जन्मानंतरचा एक दिवस आयुष्यातल्या एका वर्षाबरोबर धरायचा. २८व्या वाढदिवसासाठी जन्मानंतरच्या २८व्या दिवशी रवी कुठे आहे ते एफेमेरिसमध्ये पाहायचं आणि त्यातून जन्मरवी वजा करायचा. जे अंतर उरतं ते सगळ्या ग्रहांत आणि बिंदूंत सारखंच मिळवायचं. जन्मपत्रिकेत वक्री असलेला ग्रहसुद्धा पुढेच जातो. वक्री ग्रह मागे सरकवणं ही हमखास दिसणारी चूक आहे. इथे ग्रहाची स्वतःची गती वापरलीच जात नाही, सगळी पत्रिका रवीच्या मापाने एकगठ्ठा सरकते.

आता रवी रोज बरोबर एक अंश चालत नाही. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते, तेव्हा त्याची दिवसाची चाल सुमारे ५७ कला असते. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सर्वांत जवळ असते, तेव्हा ती ६१ कलांच्या थोडी वर जाते. वर्षाची सरासरी ५९ कला ८ विकला. हे सरासरी माप १६व्या शतकातल्या व्हॅलेंटिन नायबोडच्या नावाने ओळखलं जातं आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पर्याय म्हणून असतं.

समजा दोन ग्रहांत २६ अंश ४० कलांचं अंतर आहे आणि ते भरून निघेल तेव्हाचं वय हवं आहे. एका अंशाला एक वर्ष धरलं तर उत्तर येतं २६ वर्षं ८ महिने. नायबोडच्या मापाने २७ वर्षं आणि वर थोडे दिवस. जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या जन्माला रवीच्या खऱ्या चालीने २७ वर्षं ११ महिने. हेच अंतर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या जन्माला २६ वर्षं २ महिन्यांतच भरतं. म्हणजे एकाच पत्रिकेसाठी तीन मापांनी तीन वयं निघतात, आणि तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं असणार. रवीची खरी चाल धरा. बाकीची दोन मापं ढोबळ अंदाजाला ठीक आहेत, पण मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे जन्म सोडले तर विशी-तिशीपर्यंत त्यांचा फरक उघड दिसू लागतो.

सॉफ्टवेअर कोणतं माप वापरतंय हे सेटिंग न उघडताही कळतं. त्याच तारखेची प्रोग्रेस्ड पत्रिका काढा. तिच्यातला रवी आणि सोलर आर्क पत्रिकेतला रवी कलेपर्यंत एकच असायला हवा. नसेल तर सरासरी माप लागलेलं आहे. मग दुसरी तपासणी: जन्माचा असेंडंट आणि सरकवलेला असेंडंट यांतलं अंतर रवीच्या अंतराइतकंच आहे का? ते वेगळं येत असेल तर सॉफ्टवेअर फक्त दशमबिंदू, म्हणजे एमसी, सरकवतं आणि त्यावरून जन्मस्थळाच्या अक्षांशाप्रमाणे असेंडंट नव्याने काढतं. तीही एक मान्य रीत आहे, पण तिच्यात डिसेंडंटचा आकडा कित्येक अंशांनी वेगळा येऊ शकतो. दोन रीती एकाच कागदावर मिसळल्या की काहीच जुळत नाही. खाली जे लिहिलं आहे ते सगळ्यांना सारखंच अंतर देणाऱ्या रीतीबद्दल आहे.

सायन-निरयनचंही लगेच सांगून टाकतो. सॉफ्टवेअर निरयनवर राहिलं तरी ग्रहाग्रहांतली अंतरं तीच राहतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण अयनांशाच्या सुमारे २४ अंशांमुळे डिसेंडंट बहुतेक वेळा मागच्या राशीत जातो आणि सप्तमेशच बदलतो. सायन मेषेतला ८ अंशांचा डिसेंडंट निरयनात मीनेत पडतो. मग मंगळाऐवजी गुरू धरून सगळा हिशेब शिस्तीत चुकतो.

आता मूळ प्रश्न. असेंडंट दिवसभरात ३६० अंश फिरतो, म्हणजे सरासरी ४ मिनिटांना एक अंश. सोलर आर्कमध्ये एक अंश म्हणजे साधारण एक वर्ष. जन्मवेळ ४ मिनिटांनी चुकली की डिसेंडंटवरून काढलेलं विवाहाचं वय वर्षभराने चुकलं. सरासरीमागचा फरकही मोठा आहे. ४० उत्तर अक्षांशाच्या आसपास तूळ उगवत असताना एका अंशाला सुमारे ५ मिनिटं लागतात, मेष उगवत असताना अडीच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. म्हणजे मेष असेंडंटच्या पत्रिकेत जन्मवेळेतली तीच चूक दुप्पट महागात पडते. नोंदीत वेळ ‘१२:३०’ किंवा ‘१२:४५’ अशी गोल दिसली तर ती पाच-सात मिनिटं इकडेतिकडे असणार असंच धरून चाला.

सप्तमेशाचं तसं नाही. मंगळ दिवसभरात जेमतेम अर्धा-पाऊण अंश चालतो, शनी काही कला. जन्मवेळ दहा मिनिटांनी चुकली तरी त्यांचे अंश एका कलेनेही हलत नाहीत. सर्वांत वेगवान चंद्र तासाला सुमारे अर्धा अंश जातो. डिसेंडंट कर्केत असून सप्तमेश चंद्र असला तरी ४ मिनिटांच्या चुकीने दोनच कला फरक पडतो, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत. म्हणून सप्तमेशाचा दुसऱ्या ग्रहाशी होणारा योग जन्मवेळेच्या बाबतीत भक्कम असतो.

याला एक अपवाद आहे. डिसेंडंट राशीच्या काठावर, २९ अंशांत किंवा शून्य अंशात असेल, तर दोन-तीन मिनिटांनी रास बदलते आणि सप्तमेशही बदलतो. अशा पत्रिकेत आधी जन्मवेळ पक्की करावी लागते, सोलर आर्क नंतर. दोन्ही राशींचे स्वामी घेऊन ‘ज्याचं जुळेल तो’ असं करू नये. दोघांपैकी एकाचं काहीतरी जुळतंच.

डिसेंडंट वृश्चिक, कुंभ किंवा मीनेत असेल तर जुना आणि आधुनिक असे दोन स्वामी समोर येतात. मी कालनिर्णयासाठी जुना धरतो: मंगळ, शनी, गुरू. प्लूटो, युरेनस, नेपच्यून यांचा योग त्याच वर्षी आला तर दुजोरा म्हणून लिहून ठेवावा. एकट्या त्यांच्यावर वर्ष काढू नये.

हे सगळं एका पत्रिकेवर करून पाहू. ती हिशेब दाखवण्यासाठी बांधलेली आहे, कुणाची खरी नाही. जन्म ४ जुलैचा, दुपारच्या सुमारास, सुमारे ४० उत्तर अक्षांशावर. रवी कर्क १२°३०′. असेंडंट तूळ ८°२०′, म्हणून डिसेंडंट मेष ८°२०′ आणि सप्तमेश मंगळ. मंगळ मिथुन २७°५०′, शुक्र मिथुन १°१०′, गुरू सिंह ५°३५′, शनी मीन ११°५०′. चंद्र, बुध आणि बाहेरचे ग्रह मुद्दाम सोडले आहेत, नाहीतर आकड्यांत धागा हरवेल.

दर वर्षाची पत्रिका काढत बसू नका. नुसती अंतरं मोजा. सरकणारा बिंदू मागे, गाठायचा बिंदू पुढे, आणि वजाबाकी. युतीसाठी थेट अंतर, केंद्रयोग आणि प्रतियोगासाठी त्यात ९०च्या पटी मिळवायच्या किंवा काढायच्या. एकदा ही यादी झाली की सबंध आयुष्य अर्ध्या पानावर येतं.

सप्तमेशापासून सुरुवात. शुक्र मिथुन १°१०′, मंगळ मिथुन २७°५०′. अंतर २६°४०′. सरकवलेला शुक्र जन्ममंगळाशी युती करतो. इथे शुक्र नुसता विवाहाचा कारक नाही, तूळ असेंडंटमुळे तो असेंडंटचा स्वामीही आहे. पहिल्याचा स्वामी सातव्याच्या स्वामीला गाठतो, म्हणजे विवाहासाठी याहून सरळ योग मागायला नको. वय काढायचं तर जन्मरवीत २६°४०′ मिळवा: सिंह ९°१०′. रवी तिथे जन्मानंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या जरा आधी पोचतो. एका दिवसाचं एक वर्ष, दोन तासांचा एक महिना. उत्तर २७ वर्षं ११ महिने.

आता डिसेंडंट. त्याच्याशी योग दोन तऱ्हांनी होतात आणि दोन्ही वेगवेगळे लिहायचे: एखादा ग्रह सरकत येऊन जन्माच्या डिसेंडंटला गाठतो, किंवा डिसेंडंट स्वतः सरकत जाऊन जन्मग्रहाला गाठतो. मीनेतला शनी ११°५०′ वरून मेष ८°२०′ ला येतो तेव्हा अंतर भरतं २६°३०′, वय सुमारे २७ वर्षं ९ महिने. दुसरीकडे डिसेंडंट मेष ८°२०′ वरून वृषभ ५°३५′ ला पोचला की सिंहेतल्या गुरूशी केंद्रयोग होतो. अंतर २७°१५′, वय साडेअठ्ठावीसच्या किंचित वर.

तीन योग आले, तिन्ही नऊ-दहा महिन्यांच्या पट्ट्यात. इथे बरेच जण तिन्हींची सरासरी काढतात किंवा आवडीचा एक उचलतात. त्याआधी डिसेंडंटच्या त्या दोन आकड्यांकडे नीट पाहा.

जन्मवेळ थोडी उशिराची निघाली तर डिसेंडंट पुढे जाईल. शनीला तो गाठायला जास्त अंतर लागेल, म्हणून तो योग उशिरा होईल. पण डिसेंडंट स्वतः पुढून निघणार असल्यामुळे त्याला गुरूपर्यंत कमी अंतर लागेल, आणि तो योग लवकर होईल. जन्मवेळेतली एकच चूक या दोन योगांना विरुद्ध दिशांना ढकलते. जन्मवेळ चुकलेली असेल तर ते दोन्ही खऱ्या वयाच्या दोन बाजूंना, सारख्याच अंतरावर पडतील. सप्तमेशाचा योग मात्र जागचा हलणार नाही. त्यामुळे तो खुंट म्हणून वापरता येतो.

पुढचं गणित सोपं आहे. दोन्ही योग एकाच वेळी व्हावेत यासाठी डिसेंडंट मीन ११°५०′ आणि वृषभ ५°३५′ यांच्या बरोबर मध्यावर हवा. तो मध्य येतो मेष ८°४२′. म्हणजे डिसेंडंट २२ कलांनी पुढे. तूळ उगवताना एका अंशाला ५ मिनिटं, तेव्हा २२ कलांना जेमतेम दोन मिनिटं. जन्मवेळ दोन मिनिटांनी उशिराची धरली की शनी आणि गुरू दोघांचंही अंतर सुमारे २६°५२′ होतं, वय २८ वर्षं २ महिने. सप्तमेशाचा योग २७ वर्षं ११ महिन्यांवर होताच. नऊ-दहा महिन्यांचा पट्टा तीन महिन्यांवर आला.

या दुरुस्तीवर किती विसंबायचं? दोन मिनिटांची दुरुस्ती नोंदीतल्या वेळेच्या नेहमीच्या चुकीत सहज बसते, म्हणून ती धरायला हरकत नाही. पंधरा मिनिटांची निघाली असती तर मी ती सोडून दिली असती आणि हे दोन योग एकाच घटनेचे नाहीत असं म्हटलं असतं. दोन योगांनी एकाच महिन्यात यायलाच हवं असा नियम कुठेही नाही. दुरुस्त केलेली वेळ दुसऱ्या, आधीच घडून गेलेल्या घटनेवर तपासून घ्यायची: नोकरीतला मोठा बदल, आईवडिलांपैकी कुणाचा मृत्यू, स्थलांतर. अशा घटनांचे एमसी किंवा असेंडंटशी असलेले योगही त्याच दोन मिनिटांनी सुधारले तर ती वेळ ठेवा. ते बिघडले तर मूळ वेळेवर परत या आणि पट्टा नऊ-दहा महिन्यांचाच सांगा. विवाहाच्या योगांवरून वेळ सुधारायची आणि त्याच वेळेवरून विवाह काढायचा, हे स्वतःच्याच खांद्यावर चढण्यासारखं आहे.

आता या पद्धतीचा कच्चा दुवा. योग किती सहज सापडतात ते मोजून बघा. दहा ग्रहांपैकी प्रत्येक ग्रह डिसेंडंटला गाठतो आणि डिसेंडंट प्रत्येकाला गाठतो: २० योग. सप्तमेश बाकीच्या नऊ ग्रहांना गाठतो आणि ते नऊ सप्तमेशाला: आणखी १८. युती, केंद्रयोग आणि प्रतियोग एवढेच धरले तरी ९० अंशांत हे ३८ योग एकेकदा येऊन जातात. म्हणजे सरासरी दर सव्वादोन-अडीच वर्षांनी एक. पुढे-मागे अर्ध्या अंशाची, म्हणजे सहा-सहा महिन्यांची मोकळीक दिली, तर आयुष्यातलं तीनातलं एक वर्ष ‘विवाहयोगाचं’ दिसेल. त्यात ४५ आणि १३५ अंशांचे योग मिळवले की संख्या दुप्पट. हे अर्धकेंद्र योग आल्फ्रेड विटे यांच्या हाम्बुर्ग परंपरेत आणि त्यानंतर राइनहोल्ड एबर्टिन यांच्या पद्धतीत पूर्ण वजनाचे मानतात. पण तिथे त्यांच्यासोबत ९० अंशांची तबकडी आणि मध्यबिंदूंची अख्खी शिस्त असते. ती शिस्त न घेता नुसते ४५ अंश उचलले, तर झालेला कुठलाही विवाह मागाहून ‘सिद्ध’ करता येतो आणि पुढचा एकही सांगता येत नाही. त्रिकोण आणि लाभयोग सोलर आर्कमध्ये मी मोजतच नाही. ते आले तरी घटना घडतेच असं दिसत नाही आणि यादी मात्र फुगते.

म्हणून गाळण हवी. पहिली गाळण वयाची आहे आणि ती वाटते तितकी क्षुल्लक नाही. याच पत्रिकेत सप्तमेश मंगळ मिथुन २७°५०′ वरून कर्क ८°२०′ ला येऊन डिसेंडंटशी केंद्रयोग करतो. सप्तमेश खुद्द आपल्या भावाच्या अक्षाशी योगात, कागदावर याहून ठळक काय हवं! अंतर साडेदहा अंश, वय ११. तिथे शाळेतली भांडणं, नवा जवळचा मित्र, घरातल्या कुणाचा विवाह, असलं काहीतरी सापडेल. योगाला माणसाचं वय आणि परिस्थिती ठाऊक नसते. ती तुम्ही विचारायची असते.

दुसरी गाळण गर्दीची. एकटा योग वर्ष ठरवत नाही. सप्तमेशाचा एक आणि डिसेंडंटचा निदान एक असे दोन योग एका अंशाच्या आत यायला हवेत, आणि त्यांत शुक्र, गुरू, रवी, चंद्र किंवा असेंडंटचा स्वामी यांपैकी कुणीतरी हवा. आपल्या पत्रिकेत विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांत असे गठ्ठे दोनच दिसतात. एक अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपासचा. दुसरा एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आसपासचा: सरकवलेला शुक्र डिसेंडंटशी केंद्रयोग करतो ३८ वर्षं ११ महिन्यांना, सुधारलेल्या वेळेने सव्वाएकोणचाळिसाव्याला, आणि सप्तमेश मंगळ जन्मगुरूशी युती करतो साडेएकोणचाळिसाव्याला. दुसरा गठ्ठाही कमी नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी विवाह झालेला असेल तर एकोणचाळिसावं वर्ष त्या नात्यातल्या मोठ्या वळणाचं, मोठ्या भागीदारीचं किंवा दुसऱ्या विवाहाचं असू शकतं. झालेला नसेल तर तोच पुढचा काळ. यांतलं कोणतं, हे सोलर आर्क सांगत नाही. सातवा भाव उघड करारांचा, भागीदारांचा आणि उघड विरोधकांचाही आहे. कोर्टात गेलेला वाद आणि झालेला विवाह यांचे योग कधीकधी एकसारखेच दिसतात.

शनीबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण डिसेंडंटवर शनी आला की लोक घाबरतात आणि ते वर्ष ‘विलंबाचं’ म्हणून खोडतात. शनी बांधून टाकतो. सोबत शुक्र किंवा गुरू असेल तर ते बांधणं सही, नोंदणी, जबाबदारी या रूपात येतं, आणि विवाह म्हणजे तेच. सोबत कुणी नसेल आणि शनी एकटाच अक्षावर असेल, तर नातं थंड पडणं, दुरावा, जोडीदाराचं आजारपण हेही तितकंच शक्य. आपल्या पत्रिकेत त्याच्या जोडीला शुक्र-मंगळ आणि गुरू आहेत, म्हणून मी त्याला विवाहाच्या बाजूने मोजतो. युरेनसची चूक उलट दिशेने होते. तो डिसेंडंटवर आला की अचानक भेट, घाईचा निर्णय असं म्हणतात आणि ते होतंही. पण आधीच चालू असलेलं नातं तुटण्याचंही तेच चिन्ह आहे. त्या वेळी ती व्यक्ती कोणत्या नात्यात आहे हे विचारल्याशिवाय युरेनसवर भाष्य करू नये.

मूळ पत्रिकेत ज्या दोन ग्रहांचं आपसांत काही नातंच नाही, त्यांचा सरकवलेला योगही फिका जातो. शुक्र आणि मंगळ इथे एकाच राशीत आहेत, शिवाय पहिल्या आणि सातव्या भावांचे स्वामी आहेत, म्हणून त्यांची भेट वजनदार.

महिना काढण्याचा आग्रह अनेकांना असतो. सोलर आर्कमध्ये एक महिना म्हणजे पाच कला. डिसेंडंटवरून महिना सांगायचा तर जन्मवेळ अर्ध्या मिनिटाच्या आत खरी हवी, आणि तशी ती क्वचितच मिळते. महिन्यासाठी गोचर घ्यावं लागतं, पण ठरलेल्या पट्ट्याच्या आतच. इथे पट्टा २७ वर्षं ११ महिने ते २८ वर्षं २ महिने, म्हणजे अठ्ठाविसाव्या वाढदिवसाच्या अलीकडचा जून ते पलीकडचा सप्टेंबर. दोन्ही टोकांना आणखी तीन महिने मोकळे ठेवा. आता त्या अवधीत गोचरीचा शनी, गुरू किंवा एखादं ग्रहण दोन ठिकाणांच्या एका अंशात येतं का ते पाहा: मंगळासाठी मिथुन, कन्या, धनू, मीन यांचे २७°५०′ आणि डिसेंडंटसाठी मेष, कर्क, तूळ, मकर यांचे ८°४२′. संथ ग्रहाचा स्पर्श मिळाला तर ते आठवडे पुढे काढा. त्यांच्या आतला दिवस रवी आणि मंगळाचं गोचर दाखवतं. रवी मिथुन २७°५०′ वर १८-१९ जूनला असतो, कर्क ८°४२′ वर ३० जूनच्या सुमारास, कन्या २७°५०′ वर २०-२१ सप्टेंबरला. हे दरवर्षीच होतं, म्हणून पट्ट्याच्या बाहेर त्याला काही अर्थ नाही. पट्ट्याच्या आत मात्र विवाहाची किंवा तो ठरल्याची तारीख अशा दिवसांच्या दोन-तीन दिवस इकडेतिकडे पडते का, ते तपासण्यासारखं आहे.

‘विवाह’ म्हणजे कोणती तारीख, हेही आधी ठरवा. ठरणं, एकत्र राहायला लागणं, नोंदणी आणि समारंभ यांत कधी वर्षाचं अंतर पडतं, आणि पाच कलांच्या हिशेबात वर्ष म्हणजे फार झालं. सप्तमेशाचा योग बहुधा नातं पक्कं होण्याशी जुळतो, डिसेंडंटचा योग ते चारचौघांत जाहीर होण्याशी, कारण अक्ष म्हणजे पत्रिकेची बाहेरची बाजू. आपल्या उदाहरणात २७ वर्षं ११ महिने हे ठरण्याचं वय आणि २८ वर्षं २ महिने हे समारंभाचं, असं मी वाचेन. तुमच्या पत्रिकेत क्रम उलटा, म्हणजे डिसेंडंट आधी आणि सप्तमेश नंतर आला, तर आधी जन्मवेळेवर संशय घ्या आणि शनी-गुरूसाठी केलं तसं दोन्ही बाजूंच्या योगांचा मध्य काढून पाहा. डिसेंडंटशी एकाच बाजूचा योग सापडत असेल तर ही तपासणी होत नाही. मग सप्तमेशाचं वर्ष सांगून थांबा.